चार जणांचा चमू आणि 46 अलर्ट: पोस्टग्रेसचे नेमके कोणते ठेवावेत?

नदीकाठ (धागाकर्ता) · सोमवार, सकाळी 11:20

आम्ही नाशिकमध्ये चौघे मिळून औषध वितरकांसाठी बिलिंगची प्रणाली चालवतो. पोस्टग्रेसचा एक मुख्य सर्व्हर आहे आणि अहवालांसाठी वेगळ्या मशीनवर एक प्रत आहे, जिच्याकडे लॉजिकल रेप्लिकेशनने माहिती जाते. दीड वर्षापूर्वी प्रोमिथियस बसवताना आम्ही कुठलासा तयार नियमसंच जसाच्या तसा उचलला. त्यात 46 अलर्ट होते. मागच्या महिन्याची नोंद मी काल मोजली, तेव्हा आठवड्याला सरासरी 190 संदेश येत असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या जेमतेम तिनांवर कोणीतरी प्रत्यक्ष काही केले होते. उरलेले वाचलेही जात नव्हते, कारण चौघांनीही त्या चॅनलचा आवाज केव्हाच बंद केला होता.

त्याची किंमत गेल्या रविवारी मोजावी लागली. संध्याकाळी सहाच्या सुमारास डिस्क भरली, `No space left on device` असे लिहून पोस्टग्रेस बंद पडला आणि पुढचे अडीच तास एकाही वितरकाला बिल काढता आले नाही. शोध घेतल्यावर कळले की शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अहवालाच्या मशीनचे अपडेट झाले, ते पुन्हा सुरू झाले, पण माहिती ओढून घेणारी सेवा त्यानंतर उठलीच नाही. तिच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला आणि त्याच्यासाठी वॉल फायली साठत गेल्या.

विशेष असे की डिस्क 80 टक्क्यांवर गेली की सांगणारा अलर्ट आमच्याकडे होता. डिस्क 200 जीबीची आहे आणि गेले तीन आठवडे ती 82 टक्क्यांवर स्थिर होती, म्हणजे तो अलर्ट तीन आठवडे पेटलेलाच होता. 46 पैकी कोणते ठेवावेत आणि कोणत्या निकषावर, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

शुभ्रा_व · सोमवार, दुपारी 12:05

आमच्याकडे डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर कॅशे हिट रेशो, प्रति सेकंद ट्रान्झॅक्शन, सीपीयू आणि सर्वांत मंद दहा क्वेरी असतात, आणि त्यांच्या रंगांवरून रोज सकाळी परिस्थिती लगेच समजते. कॅशे हिट रेशो 99 टक्क्यांच्या खाली गेला की लाल होतो. हवे असल्यास मी त्या पानाची मांडणी येथे देते.

नदीकाठ · सोमवार, दुपारी 12:30

धन्यवाद, पण माझा प्रश्न आलेखांबद्दल नाही. आलेख आमच्याकडेही पुष्कळ आहेत आणि ते कोणालाही झोपेतून उठवत नाहीत. माणसाला हातातले काम टाकून उठायला लावावे, असे कोणते मोजमाप आहे, हे मला ठरवायचे आहे.

तळटीप · सोमवार, दुपारी 1:15

यासाठी अलर्टची गरजच नाही. पोस्टग्रेस 13 पासून `max_slot_wal_keep_size` ही सेटिंग आहे. मुळात ती -1 असते, म्हणजे मर्यादा नाही. ती 20 जीबी करा. स्लॉट त्यापेक्षा जास्त फायली धरून ठेवू लागला तर पोस्टग्रेस स्वतःच त्या सोडून देईल आणि डिस्क भरणार नाही. सेटिंगने सुटणाऱ्या प्रश्नाला अलर्ट लावत बसणे हे आळसाचे लक्षण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी · सोमवार, दुपारी 3:40

तळटीप यांची सूचना योग्य आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच आहे. ही मर्यादा मुख्य सर्व्हरला वाचवते, पण स्लॉटला वाचवत नाही. मर्यादा ओलांडली की पुढच्या चेकपॉइंटला त्या स्लॉटसाठी राखलेल्या फायली काढल्या जातात, स्लॉटची `wal_status` ही `lost` होते आणि मग अहवालाची प्रत पहिल्यापासून भरावी लागते. बिले थांबण्यापेक्षा हे कितीतरी बरे, म्हणून ती सेटिंग करावीच. मात्र तिच्यामुळे अलर्टची गरज संपत नाही, अलर्टचा दर्जा बदलतो. आता कोणाला रात्री उठवण्याचे कारण उरत नाही, आणि दिवसा कामाच्या वेळेत कोणीतरी पाहिले तरी पुरते.

नदीकाठ यांच्या प्रसंगात मला सर्वांत बोलकी वाटली ती तीन आठवडे पेटलेल्या अलर्टची गोष्ट. अलर्ट उंबरठा ओलांडतानाच बोलतो. 82 टक्क्यांवर बसलेली डिस्क 80 चा उंबरठा पुन्हा ओलांडू शकत नाही, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी परिस्थिती खरोखर बदलली तेव्हा सांगण्यासारखे नवे काही त्याच्याकडे उरलेच नव्हते. अलर्टमॅनेजरने दर चार तासांनी तोच संदेश पुन्हा पाठवला असेल, आणि तो आदल्या दिवशीच्या संदेशासारखाच दिसला असेल.

टक्केवारीऐवजी वेळ मोजा. तुमच्याकडे 36 जीबी मोकळी होती आणि ती बरोबर 24 तासांत भरली, म्हणजे ताशी दीड जीबी या वेगाने. 82 टक्क्यांवर वर्षभर स्थिर असलेली डिस्क निरुपद्रवी असते आणि 50 टक्क्यांवरून वेगाने भरणारी डिस्क घातक असते. प्रोमिथियसमध्ये हे असे लिहितात:

```yaml
- alert: DiskFullWithinDay
  expr: |
    predict_linear(node_filesystem_avail_bytes{
      mountpoint="/var/lib/postgresql"}[6h], 24*3600) < 0
  for: 30m
```

मागच्या सहा तासांचा कल असाच राहिला तर पुढच्या 24 तासांत जागा संपेल का, एवढेच हा नियम विचारतो. तुमच्या आकड्यांवर मी ताळा करून पाहिला. सुरुवातीचे काही तास खिडकीत जुना सपाट भागही असल्याने कल सौम्य दिसतो, आणि साडेचार तासांच्या आसपास अंदाज शून्याच्या खाली जातो. त्यापुढे अर्धा तास धरला तर शनिवारी रात्री अकराच्या सुमारास संदेश आला असता, म्हणजे डिस्क भरण्याच्या एकोणीस तास आधी.

वाळवंटातील_बोरी · सोमवार, संध्याकाळी 5:10

हाच नियम आम्ही लावला होता आणि पंधरा दिवसांत काढून टाकला. आमचा रात्रीचा बॅकअप आधी त्याच डिस्कवर लिहिला जातो आणि तासाभराने दुसरीकडे हलवून पुसला जातो. त्या तासाभरात रेषा इतकी तिरकी होते की नियमाला वाटते आता प्रलय येणार. रोज रात्री अडीच वाजता फोन वाजत असे.

पायरी · सोमवार, संध्याकाळी 5:45

त्यासाठी दुसरी अट जोडावी लागते, म्हणजे मोकळी जागा एकूण जागेच्या 25 टक्क्यांहून कमी असेल तेव्हाच कलाकडे पाहायचे. नदीकाठ यांच्याकडे 18 टक्केच मोकळी होती, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही अट आडवी आली नसती. अर्थात बॅकअप त्याच डिस्कवर लिहिणे ही मूळ अडचण आहे आणि ती हलवणे हाच खरा उपाय. आधी अलर्ट घडवण्याऐवजी आधी कारण हलवता येते का ते पाहावे.

स्लॉटकडे थेट पाहायचे तर मुख्य सर्व्हरवर हे चालवा:

```sql
SELECT slot_name, active, wal_status,
       pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
         pg_current_wal_lsn(), restart_lsn)) AS held
FROM pg_replication_slots;
```

केवळ `active` खोटे आहे म्हणून अलर्ट लावू नका. सेवा पुन्हा सुरू होताना स्लॉट क्षणभर निष्क्रिय होतोच, आणि तो आणखी एक गोंगाट होईल. तो किती धरून बसला आहे, हे पाहा. 20 जीबीची मर्यादा ठेवणार असाल तर 5 जीबीला कामाच्या यादीत एक नोंद पडावी. तुमच्या वेगाने तिथपासून मर्यादेपर्यंत दहा तास मिळतात.

नदीकाठ · सोमवार, रात्री 8:20

46 पैकी एकही अलर्ट स्लॉटकडे पाहत नव्हता, हे आताच तपासले. रविवारी आम्ही डिस्क 20 जीबीने वाढवली, पोस्टग्रेस सुरू केला, `pg_drop_replication_slot` ने तो स्लॉट काढला आणि हाताने `CHECKPOINT` दिला, तेव्हा कुठे जागा मोकळी झाली. त्याआधी आमच्यातला एक जण `pg_wal` मधल्या जुन्या दिसणाऱ्या फायली `rm` ने पुसायला निघाला होता. त्याला वेळीच थांबवले. त्याच फायलींवरून पोस्टग्रेस स्वतःला सावरतो हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्या क्षणी मलाही ते नीट समजावून सांगता आले नाही.

आता दुसरा प्रश्न. रोज सकाळी दहाला कनेक्शन 80 च्या वर गेल्याचा अलर्ट येतो. `max_connections` मूळचेच, म्हणजे 100 आहे. हा ठेवावा का?

पायरी · मंगळवार, सकाळी 9:15

ॲप्लिकेशनच्या किती प्रक्रिया चालतात आणि प्रत्येकीचा पूल केवढा आहे?

नदीकाठ · मंगळवार, सकाळी 9:40

चार प्रक्रिया आणि प्रत्येकी 20 कनेक्शन. शिवाय अहवालाची सेवा आणि एक्स्पोर्टर.

पायरी · मंगळवार, सकाळी 10:30

मग चार गुणिले वीस म्हणजे ऐंशी, आणि वर दोनतीन. दुकाने उघडतात, पूल पूर्ण भरतो आणि अलर्ट वाजतो. तुमची रचना तुम्ही आखली तशीच चालली आहे, एवढीच बातमी तो रोज देतो. 100 पैकी तीन जागा सुपरयूझरसाठी राखीव असतात, म्हणजे सामान्यांसाठी 97 उरतात. 90 च्या वर पाच मिनिटे आकडा राहिला तर मात्र तुमच्या हिशेबाबाहेरचे कोणीतरी जोडले गेले आहे, आणि ते कळायला हवे. उंबरठा 90 करा आणि 80 चा विसरून जा.

परंतु कनेक्शनच्या संख्येपेक्षा ती काय करत आहेत हे अधिक महत्त्वाचे असते. मी एकदा पाहिलेला प्रसंग सांगतो. एका प्रक्रियेने ट्रान्झॅक्शन उघडले, एक ओळ वाचली आणि मग बाहेरच्या एका सेवेच्या उत्तराची वाट पाहत बसली. `pg_stat_activity` मध्ये ती `idle in transaction` दिसत होती आणि कोणालाही त्रास देत नव्हती. तेवढ्यात एकाने त्याच टेबलवर `ALTER TABLE` चालवले. त्याला टेबलचे पूर्ण कुलूप हवे होते, म्हणून ते त्या सुस्त ट्रान्झॅक्शनच्या मागे थांबले. त्यानंतर आलेली प्रत्येक साधी `SELECT` त्या `ALTER` च्या मागे रांगेत लागली. दीड मिनिटात सर्व पूल भरले. सीपीयू या सगळ्या वेळात 4 टक्क्यांवर होता, आणि सीपीयूवर लावलेले अलर्ट अर्थातच गप्प होते.

येथे उपयोगी पडते ती कुलपासाठी थांबलेल्या सत्रांची संख्या:

```sql
SELECT count(*) FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

हा आकडा दोन मिनिटे सलग पाचाच्या वर राहिला तर फोन वाजावा, कारण त्या वेळी ग्राहक खरोखर अडकलेला असतो. मूळ कारणासाठी मात्र अलर्ट नको. `idle_in_transaction_session_timeout` मुळात बंद असते, ती पाच मिनिटांवर ठेवा, म्हणजे सुस्त सत्र सर्व्हरच तोडेल. टेबलांत बदल करणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला `SET lock_timeout = '3s'` लिहा, म्हणजे `ALTER` ला कुलूप मिळाले नाही तर ते तीन सेकंदांत माघार घेईल आणि रांग वाढत जाणार नाही.

तळटीप · मंगळवार, सकाळी 11:00

पाच मिनिटांची मर्यादा सर्वांना लावली तर रात्रीचा `pg_dump` मध्येच तुटणार नाही का?

पायरी · मंगळवार, सकाळी 11:20

नाही. `pg_dump` जोडला गेल्यावर स्वतःच्या सत्रापुरती ती मर्यादा शून्य करून घेतो. मात्र कोणी दीर्घकाळ चाललेल्या ट्रान्झॅक्शनवर अलर्ट लावला असेल तर बॅकअप चालू असताना तो रोज वाजेल, कारण संपूर्ण बॅकअप हे एकच लांब ट्रान्झॅक्शन असते. तेथे `application_name` पाहून `pg_dump` वगळावा लागतो.

शुभ्रा_व यांच्या कॅशे हिट रेशोबद्दल एवढेच सांगतो की तो आलेखावर जरूर असावा, अलर्टमध्ये मुळीच नसावा. पोस्टग्रेसला स्वतःच्या बफरमध्ये पान सापडले नाही की तो ते डिस्कवरून वाचल्याचे मोजतो, मग ते प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतून आलेले का असेना. महिनाअखेरीचा एक मोठा अहवाल चालला तरी तो आकडा घसरतो, आणि त्या वेळी रात्री उठून कोणी काय करणार?

शुभ्रा_व · मंगळवार, दुपारी 12:10

खरे आहे. तो लाल झाला म्हणून आम्ही काही केल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. पण तो मी काढणार नाही, बफर वाढवायचे ठरवताना आम्हाला त्याचा उपयोग झाला होता.

खाडीपलीकडे · मंगळवार, दुपारी 2:30

विषय निघाला आहे म्हणून आमची अडचण मांडतो. आम्ही काही पतसंस्थांची प्रणाली सांभाळतो. स्टँडबाय सर्व्हर किती मागे आहे हे आम्ही स्टँडबायवरच `now() - pg_last_xact_replay_timestamp()` असे मोजतो आणि दहा मिनिटांवर अलर्ट आहे. पतसंस्था साडेपाचला बंद होते आणि रोज पावणेसहाच्या सुमारास अलर्ट येतो. कंटाळून आम्ही संध्याकाळी साडेपाच ते सकाळी दहा तो झाकून टाकला. त्यानंतर एकदा स्टँडबाय रात्री तुटला, आणि तो तुटलेला असल्याचे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी एका अहवालातल्या चुकीच्या शिलकीवरून कळले. सकाळी दहानंतरही अलर्ट का वाजला नाही, हे अजून समजलेले नाही.

पायरी · मंगळवार, दुपारी 4:00

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ते सूत्र शेवटचा व्यवहार लागू होऊन किती वेळ झाला हे सांगते. मुख्य सर्व्हरवर व्यवहारच झाले नाहीत तरी घड्याळ पुढे जाते आणि स्टँडबाय मागे पडल्यासारखा दिसतो. मुख्य सर्व्हरवर एका ओळीचे छोटे टेबल करा, दर मिनिटाला त्यात वेळ लिहा, आणि स्टँडबायवर तीच ओळ वाचून फरक मोजा. मग रात्रीही किमान एक व्यवहार दर मिनिटाला होत राहतो, आणि दहा मिनिटांचा फरक दिसला तर तो खराच असतो.

दुसऱ्या भागाबद्दल माझा कयास असा आहे की स्टँडबायसोबत त्यावरचा एक्स्पोर्टरही बंद पडला असावा. आकडाच आला नाही तर प्रोमिथियसच्या तुलनेतून काहीच निष्पन्न होत नाही, आणि काहीच नाही म्हणजे अलर्टही नाही. त्या मशीनसाठी `up == 0` चा नियम होता का, ते पाहा.

खाडीपलीकडे · मंगळवार, संध्याकाळी 6:15

तो नियम होता, पण त्यात मशीनचे जुने नाव राहिले होते. मशीन बदलल्यावर कोणीच तो तपासला नाही. पण एक्स्पोर्टर चालू असल्याचे लॉगमध्ये दिसते, त्यामुळे तुमचा कयास पूर्ण बसत नाही. आणखी शोधतो.

पायरी · मंगळवार, संध्याकाळी 6:40

मग मला माहीत नाही. लॉगमधल्या वेळा पाहिल्याशिवाय बोलणे योग्य होणार नाही.

नदीकाठ, तुमचा प्रोमिथियस कोणत्या मशीनवर आहे?

नदीकाठ · मंगळवार, रात्री 9:00

अहवालाच्याच मशीनवर, म्हणजे शनिवारी जे पुन्हा सुरू झाले त्यावर. प्रोमिथियस आपोआप उठला आणि अहवालाची सेवा उठली नाही. उलटे झाले असते तर काय, हा विचार आत्ता तुम्ही विचारल्यावर आला.

पायरी · बुधवार, सकाळी 9:30

ते मशीन बंद राहिले तर तुमचे सर्व नियम एकाच वेळी गप्प होतील आणि ती शांतता तुम्हाला सुखाची वाटेल. कायम पेटलेला एक अलर्ट मुद्दाम ठेवा, त्याची अट `vector(1)` एवढीच. त्याचा संदेश दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेकडे जाऊ द्या, आणि संदेश येणे थांबले की त्या सेवेने तुम्हाला फोन करावा.

शुभ्रा_व · बुधवार, सकाळी 11:45

मला एक वेगळी शंका आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे नदीकाठ यांना शनिवारी रात्री अकराला संदेश आला असता. चौघांच्या चमूत शनिवारी रात्री अकराला फोन उचलण्याची अपेक्षा कोणाकडून करायची? हातात एकोणीस तास असताना उठवणे हाही गोंगाटच नाही का?

नदीकाठ · बुधवार, दुपारी 1:30

यावर आमच्यात काल बराच वाद झाला. शेवटी दोन नियम केले. 24 तासांचा अंदाज फक्त संदेश पाठवतो, आणि चार तासांचा अंदाज फोन वाजवतो. आमच्या रविवारच्या प्रसंगात फोन दुपारी दोन-अडीचच्या दरम्यान वाजला असता, आणि तेव्हा साडेतीन तास उरले असते. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की रविवारी तो वेळ पुरणार नाही, कारण आठवड्याच्या पाळीचा माणूस कसारा घाटात गाडी चालवत असू शकतो. त्याला आठ तास हवे आहेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की `max_slot_wal_keep_size` लावल्यावर डिस्क इतक्या वेगाने भरण्याचे मुख्य कारणच गेले, तेव्हा चार पुरेत. अद्याप चारवर ठेवले आहे.

वाळवंटातील_बोरी · बुधवार, दुपारी 2:10

मी आठच्या बाजूने आहे. वेगाने भरण्याची इतरही कारणे असतात. आमच्याकडे एका चुकलेल्या जॉइनने तात्पुरत्या फायलींनीच 60 जीबी खाल्ले होते, आणि तेही चाळीस मिनिटांत.

पायरी · बुधवार, दुपारी 3:00

चाळीस मिनिटांत भरणाऱ्या डिस्कला आठ तासांचा नियमही वाचवत नाही. सहा तासांच्या खिडकीला तो चढ दिसेपर्यंत सारे संपलेले असते. तेथे `temp_file_limit` लावावी लागते, म्हणजे ती क्वेरीच रद्द होते.

नदीकाठ · तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, संध्याकाळी 6:30

नोंद म्हणून लिहितो. 46 पैकी 9 अलर्ट उरले आहेत, त्यांतले चार फोन वाजवतात. या तीन आठवड्यांत फोन दोनदा वाजला. पहिल्या वेळी कुलपांची रांग खरी होती. साठा जुळवणारे आमचेच काम एका टेबलला अकरा मिनिटे धरून बसले होते, आणि ते आता पाचशे-पाचशे ओळींच्या तुकड्यांत चालते. दुसऱ्या वेळी बाहेरच्या सेवेने प्रोमिथियस गप्प झाल्याचे सांगितले, पण तो चालू होता आणि आमच्या कार्यालयाचे इंटरनेट तुटले होते. अहवालाचे मशीन कार्यालयातच असल्याने हे पुन्हा घडणार. प्रोमिथियस मुख्य सर्व्हरच्या जवळ हलवावा की वेगळे छोटे मशीन घ्यावे, यावर सोमवारी बसणार आहोत.